बिनपगारी गेलेली रजा मेडिकलवर फिरवून घेताना: अर्ज आधी, सर्टिफिकेट मागाहून

गेल्या सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या खात्यातली एक कारकून माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. पेडण्याहून रोज पणजीला बसने येणारी, नोकरीला जेमतेम दोन वर्षे झालेली. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत इस्पितळाचे कागद. ऑगस्टमध्ये तिला कावीळ झाली होती. सव्वीस दिवस ती घरी होती आणि ते सव्वीसही दिवस बिनपगारी गेले होते. ऑगस्टच्या पगारात मूळ वेतनापोटी जेमतेम पाच दिवसांचे पैसे आले होते. ती म्हणाली, "मॅडम, डॉक्टर सर्टिफिकेट देतो म्हणाले आहेत, पण पुढच्या आठवड्यात या म्हणतात. ते मिळाले की सगळे एकदम आणून देते."

मी तिला बसवले आणि त्याच दिवशी, सर्टिफिकेट नसतानाच, अर्ज लिहून घेतला. सर्टिफिकेट हातात येण्याची वाट पाहिली असती तर तिचा हक्काचा नव्हे, पण मिळण्याजोगा पैसा कायमचा गेला असता. आस्थापनेच्या टेबलावर इतकी वर्षे काढल्यावर सांगते, अशी प्रकरणे उशिरा आलेल्या सर्टिफिकेटमुळे फारशी अडत नाहीत. ती अडतात उशिरा आलेल्या अर्जामुळे.

हे सगळे गोवा सरकारच्या नियमित कर्मचाऱ्यांविषयी आहे. त्यांना केंद्राचे १९७२चे नागरी सेवा रजा नियम लागू आहेत. वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या कारखान्यात काम करून ईएसआयखाली येणाऱ्यांची वाट निराळी असते, आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांची रजा त्यांच्या करारावर चालते. त्यांनी हा लेख आपल्याला लावून घेऊ नये.

आधी पाहा, तुमची रजा मंजूर झाली आहे की नाही

पगार कापला गेला म्हणजे बिनपगारी रजा मंजूर झाली असे नाही. पगारपत्रकावर फक्त कपात दिसते, कपातीमागचा आदेश दिसत नाही. म्हणून पहिले काम म्हणजे आस्थापनेत जाऊन त्या काळाचा आदेश मागणे.

आदेशात असाधारण रजा, म्हणजे आपण ज्याला ईओएल म्हणतो ती, मंजूर केलेली असेल तर तुमचे प्रकरण नियम १०खाली येते. दिलेली एक रजा मागच्या तारखेपासून दुसऱ्या प्रकारच्या रजेत बदलण्याचा हा नियम. आदेशच निघालेला नसेल आणि तुम्हाला नुसते गैरहजर धरलेले असेल, तर बदलण्यासाठी मुळात रजाच नाही. मग तुमचा अर्ज रजा बदलण्याचा न राहता त्या काळाची रजा मंजूर करण्याचा होतो. त्यात गैरहजेरीचा खुलासा द्यावाच लागतो, नाहीतर विनापरवानगी गैरहजेरीचे शुक्लकाष्ठ मागे लागते. दोन्ही अर्ज वेगळे आहेत. चुकीच्या विषयाचा अर्ज परत येतो आणि तो परत येईपर्यंत दिवस निघून जातात.

आमच्या या मुलीच्या बाबतीत आदेश होता: ४ ऑगस्ट ते २९ ऑगस्ट २०२५, २६ दिवस, ईओएल. तिने स्वतःच तसे लिहून दिले होते. सासूच्या दुखण्यात तिची ईएल, म्हणजे अर्जित रजा, संपत आली होती, सर्टिफिकेट नव्हते, आणि कुणीतरी सांगितले, "सर्टिफिकेट नाही ना, मग ईओएल लिही." तिने लिहिले. सल्ला चुकीचा होता, कारण खात्यावर अर्धपगारी रजा शिल्लक होती आणि ती घ्यायला सर्टिफिकेट लागत नाही. दुसरी रजा शिल्लक असताना ईओएल देता येते ती फक्त कर्मचाऱ्याने लेखी मागितली तरच. आणि लेखी मागितल्यावर कार्यालयाला आपल्या मनाने रजेचा प्रकार बदलता येत नाही. म्हणूनच प्रकार बदलायचा तर पुन्हा तुमच्याच लेखी मागणीची गरज पडते.

तीस दिवसांची मर्यादा

नियम १०मध्ये एक अट आहे जी बहुतेकांना माहीत नसते. रजा संपवून रुजू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत मागणी रजा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याकडे पोचली पाहिजे. त्यानंतर आलेली मागणी विचारातच घेऊ नये असे नियम म्हणतो.

ही मुलगी सोमवारी, १ सप्टेंबरला रुजू झाली. तो दिवस धरून मोजले तर मुदत ३० सप्टेंबरला संपते, सोडून मोजले तर १ ऑक्टोबरला. असा वाद आपल्या अंगावर कशाला घ्यायचा? नेहमी आधीची तारीख धरावी. ती माझ्याकडे आली २४ सप्टेंबरला. डॉक्टर म्हणत होते "पुढच्या आठवड्यात", म्हणजे सर्टिफिकेट मुदतीच्या अगदी काठावर किंवा मुदत उलटून आले असते.

नियमाचे शब्द नीट वाचावेत. मुदतीत पोचायला हवी ती मागणी. सर्टिफिकेट मागणीसोबत असले तर उत्तमच. नसले तर मागणी द्यावी, सर्टिफिकेटसाठी कुठे आणि कधी अर्ज केला ते त्यात लिहावे, आणि मिळताच सादर करतो असे म्हणावे. निर्णय अर्थातच सर्टिफिकेट आल्याशिवाय होणार नाही. पण मागणीची तारीख पक्की होते.

ती पक्की होते इनवर्डच्या शिक्क्याने. साहेबांच्या हातात कागद दिला, साहेब "बघतो" म्हणाले, याला तारीख नसते. दोन प्रती घेऊन इनवर्डला जावे, एक द्यावी आणि दुसरीवर शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्यावी. त्या प्रतीचा फोटो फोनमध्ये ठेवावा. मुदत टळून गेलेल्यांच्या तोंडून मी सर्वात जास्त ऐकलेले वाक्य आहे, "मी तर तेव्हाच दिला होता अर्ज." दिलेला असतोही. शिक्का नसतो.

सिक लीव्ह असे नावच नाही

आपण बोलताना सिक लीव्ह किंवा मेडिकल म्हणतो, पण या नियमांत त्या नावाची रजा नाही. अर्जात "आजारी रजा द्यावी" एवढेच लिहिले तर टेबलावरच्या कारकुनाला तुमच्या वतीने अंदाज करावा लागतो, आणि तो त्याने करणे बरोबर नाही. कुठली रजा किती दिवस, हे तुम्ही लिहायचे. त्यासाठी तीन गोष्टी समजून घ्याव्या लागतात.

अर्धपगारी रजा, एचपीएल, दर १ जानेवारीला आणि १ जुलैला दहा दिवस जमा होते. ती मेडिकलवर घेता येते, तशी खासगी कामासाठीही. नावाप्रमाणे पगार अर्धा.

कम्युटेड रजा म्हणजे हीच अर्धपगारी रजा मेडिकल सर्टिफिकेटवर पूर्ण पगाराची करून घेणे. एका कम्युटेड दिवसापोटी एचपीएलचे दोन दिवस कापले जातात. म्हणून शिल्लक एचपीएलच्या निम्म्याइतकीच कम्युटेड मिळते.

तिसरी गोष्ट लोक विसरतात. ईओएलचेही दोन प्रकार पडतात, सर्टिफिकेटवरची आणि बिनसर्टिफिकेटची. पगार दोन्हींत शून्य. पण सर्टिफिकेटवरची ईओएल वेतनवाढीसाठी आणि निवृत्तिवेतनाच्या सेवेसाठी धरली जाते, दुसरी धरली जात नाही. म्हणजे खात्यावर एकही रजा शिल्लक नसलेल्या माणसानेही उशिरा मिळालेले सर्टिफिकेट फेकून देऊ नये. त्या काळासमोर "मेडिकल सर्टिफिकेटवर" एवढी नोंद करून घेण्यासाठीही अर्ज करण्याजोगा आहे. एका सव्वीस दिवसांच्या तुकड्याने वेतनवाढ अडेलच असे नाही, कारण वर्षात सहा महिन्यांची सेवा भरली तर ती मिळते. पण असे तुकडे साठत जातात, आणि सेवेतून वजा झालेले दिवस निवृत्तीच्या वेळी मोजायला बसले की कागद शोधायला कुणी उरत नाही.

डॉक्टरांकडे काय मागायचे आणि काय मागायचे नाही

उशिराचे सर्टिफिकेट म्हणजे मागच्या तारखेचे सर्टिफिकेट नव्हे. हा फरक जपला नाही तर चांगले प्रकरण खोट्यात जमा होते.

सर्टिफिकेटवर तारीख लिहिलेल्या दिवसाचीच हवी. २९ सप्टेंबरला लिहिले तर २९ सप्टेंबर. मजकुरात मात्र असे यायला हवे की अमुक रुग्ण अमुक आजारासाठी या तारखेपासून त्या तारखेपर्यंत माझ्या किंवा या इस्पितळाच्या उपचाराखाली होता, तेवढा काळ विश्रांती गरजेची होती, आणि हे आमच्या केसपेपरवरून लिहिले आहे. आजाराचे नाव, काळ, केसपेपरचा क्रमांक, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का हवा. वर रुग्णाची सहीही हवी, कारण सर्टिफिकेट त्याच माणसाचे आहे हे तिच्यावरून ठरते. रजा नियमांसोबत सर्टिफिकेटचा छापील नमुना असतो. आस्थापनेतून त्याची कोरी प्रत घेऊन डॉक्टरांपुढे ठेवावी. इस्पितळाच्या लेटरहेडवर "रुग्णाला विश्रांतीची गरज आहे" एवढ्या एका ओळीवर कुठलाही आस्थापनावाला रजा बदलून देणार नाही.

डॉक्टर आजच्या तारखेचे देतात म्हणून काहीजण नाराज होतात आणि "ऑगस्टचीच तारीख घाला ना" असा आग्रह धरतात. तो धरू नये. वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारनियमांप्रमाणे डॉक्टरांना दिलेल्या सर्टिफिकेटांची नोंदवही ठेवावी लागते, आणि दिशाभूल करणारे सर्टिफिकेट देणे ही त्यांच्या नोंदणीवर येणारी गोष्ट आहे. कार्यालयाने विचारणा केली तर इस्पितळ नोंदवही उघडून पाहते. तारीख जुळली नाही की डॉक्टरही अडकतात आणि तुम्ही चौकशीत जाता.

ज्यांनी उपचार केले ते डॉक्टर आता तिथे नसले तरी घाबरायचे कारण नाही. सरकारी इस्पितळात हे नेहमीचेच, आज म्हापशाला असलेले उद्या दुसरीकडे बदलून जातात. बांबोळीला गोमेकॉत वॉर्डातले निवासी डॉक्टर ठरावीक काळाने बदलतात. अशा वेळी व्यक्तीमागे न धावता नोंदींमागे जावे. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे अर्ज करावा, त्यात डिस्चार्ज कार्डावरचा आंतररुग्ण क्रमांक आणि तारखा लिहाव्यात, आणि नोंदींवरून सर्टिफिकेट मागावे. रुग्णाने आपल्या नोंदी मागितल्या तर ७२ तासांत द्याव्यात असे त्याच आचारनियमांत आहे, आणि आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या असतात. त्या अर्जाचीही शिक्क्याची प्रत घ्यावी, कारण कार्यालयाला द्यायच्या मागणीत ती जोडायची आहे.

खासगी डॉक्टरांचे सर्टिफिकेट असेल तर अधिक छाननी होते हे गृहीत धरावे. नियमांत दुसऱ्या वैद्यकीय मताची सोय आहे, म्हणजे कार्यालय तुम्हाला सरकारी डॉक्टरांकडे तपासायला पाठवू शकते. पण ही तपासणी आजारपणातच उपयोगाची. महिन्याभरापूर्वी उतरलेली कावीळ आज कुठला डॉक्टर पाहणार? म्हणून उशिराच्या प्रकरणात शंकेला उत्तर देतात ते त्या काळातले कागद: ओपीडीचा पेपर, तारखेसह रक्ततपासणीचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले. सर्टिफिकेट हे या कागदांचा सारांश असते. कागद नसतील तर नुसता सारांश कुणी मानत नाही.

दोन दिवस ज्यांचा कागद नव्हता

या मुलीच्या पिशवीतले कागद मी टेबलावर तारखेनुसार मांडले. पावसात भिजून ओपीडीचा पेपर घडीवर फाटत चालला होता, पण तारीख वाचता येत होती: ६ ऑगस्ट. त्याच दिवसाचा रिपोर्ट, बिलिरुबिन वाढलेले. त्याच दिवशी दाखल. ११ ऑगस्टला डिस्चार्ज, विश्रांतीचा सल्ला. १८ला फेरतपासणी. २९ला पुन्हा, आणि त्या पेपरवर डॉक्टरांच्या हातची ओळ, कामावर जाण्यास हरकत नाही.

रजा मात्र ४ ऑगस्टपासून होती. "चार आणि पाचला कुठे दाखवले होते?" मी विचारले. ती जरा थांबली. मग म्हणाली, "शेजारच्या गावात एकजण कावीळीचे झाडपाल्याचे औषध देतो, तिथे गेले होते." आपल्याकडे हे किती घरांत होते ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दोन दिवसांचा कागद नाही. डॉक्टरांना ४ तारीख घालायला सांगणे म्हणजे त्यांनी न पाहिलेल्या रुग्णावर सही मागणे. मी तिला तसे करू नकोस म्हटले. कागद नाही त्या दिवसांसाठी सर्टिफिकेट न लागणारी रजा वापरायची. तिच्या खात्यावर दोन दिवसांची ईएल उरली होती. ४ आणि ५ ऑगस्टला तीच लावली. दोन्ही दिवस पूर्ण पगाराचे झाले आणि कुणालाही खोटे लिहावे लागले नाही.

उरले ६ ते २९ ऑगस्ट, २४ दिवस. मधली शनिवार-रविवारची आणि चवथीची सुट्टी रजेतच मोजली जाते. तिच्या खात्यावर ४ ऑगस्टला किती एचपीएल होती? जुलै २०२३पासून पाच वेळा दहा-दहा जमा, एकूण ५०. आधी पाच दिवसांची कम्युटेड घेतली होती, तिचे १० गेले. शिल्लक ४०. हा आकडा रजा खात्यातून स्वतः वाचून घ्यावा, तोंडी विचारू नये. नियमही बघतो तो हाच आकडा, मूळ रजा दिली तेव्हा काय शिल्लक होते. आजची शिल्लक त्यात कामाची नाही.

४०च्या निम्मे २०, म्हणून ती म्हणाली, "वीस दिवस कम्युटेड घेते, उरलेले चार ईओएल राहू देत." बहुतेकजण असाच हिशेब करतात आणि तो मांडण्यासारखा आहे, पण यापेक्षा बरा हिशेब आहे. सोळा दिवस कम्युटेड आणि आठ दिवस साधी एचपीएल घेतली तर? सोळा दुणे बत्तीस, अधिक आठ, बरोबर चाळीस. चोवीसही दिवस भरले. पगाराच्या दृष्टीने सोळा पूर्ण आणि आठ अर्धे मिळून वीस पूर्ण दिवसांइतकेच पैसे, म्हणजे रुपया कमी नाही. आणि ईओएल एक दिवसही उरत नाही.

ईओएल फिरवून घेण्याचा आणखी एक फायदा जानेवारीत दिसतो. एका सहामाहीत ईओएल घेतली की पुढच्या सहामाहीच्या ईएल जमेतून तिचा दहावा भाग कापला जातो. २६ दिवसांची ईओएल तशीच राहिली असती तर १ जानेवारीला १५ऐवजी १२च ईएल जमा झाली असती. पगार तर गेलाच असता, वर तीन दिवसांची रजाही.

पैशांचे म्हणाल तर तिचे मूळ वेतन २१,१०० रुपये. ऑगस्टच्या ३१ दिवसांपैकी २६ दिवसांचे साधारण १७,६९७ रुपये कापले गेले होते. नव्या मांडणीत ईएलचे दोन, कम्युटेडचे सोळा आणि एचपीएलचे आठ अर्धे, मिळून बावीस दिवसांचे पैसे. मूळ वेतनापोटी साधारण १४,९७४ रुपये थकबाकी, शिवाय त्यावरचा महागाई भत्ता.

फिटनेसची तारीख

मेडिकलवरच्या रजेवरून परतताना फिटनेस सर्टिफिकेट लागते, नमुना ५. ईओएलवरून परतताना तिच्याकडे ते कुणी मागितलेच नव्हते. रजा मेडिकलवर फिरवायची तर ते आता लागणार, आणि त्यातली तारीख हिशेब बदलू शकते.

रुजू होण्याआधीचे ३० आणि ३१ ऑगस्ट हे शनिवार-रविवार. नियम असा की ज्या दिवशी तुम्ही तंदुरुस्त ठरता त्या दिवसानंतरच्या सुट्ट्या रजेला जोडून मिळतात, पण त्या दिवसाआधीच्या सुट्ट्या रजेतच धरल्या जातात. शुक्रवारी, २९ ऑगस्टला तंदुरुस्त ठरवले असेल तर शनिवार-रविवार सुटले. सोमवारी, १ सप्टेंबरला ठरवले असेल तर ते दोन दिवसही रजेत आले आणि तिच्या खात्यावर तेवढी रजा उरलेलीच नव्हती. तिच्या सुदैवाने २९च्या पेपरवर डॉक्टरांनी लिहिले होते. फिटनेस सर्टिफिकेट लिहून घेताना तो पेपर दाखवावा आणि २९ला तपासून तंदुरुस्त आढळल्याचे नोंदींनुसार त्यात यावे, एवढेच मागावे. तुमच्या पेपरवर १ सप्टेंबर असेल तर १ सप्टेंबरच राहू द्यावी.

अर्ज

अर्ज मराठीत करता येतो. १९८७च्या गोव्याच्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा असली तरी मराठीचा शासकीय कामासाठी वापर मान्य आहे. टिपणी इंग्रजीत होईल म्हणून काहीजण इंग्रजीतच लिहितात, तेही चालते. रजेचा छापील अर्जही नव्याने भरून सोबत लावावा. मी तिच्याकडून लिहून घेतलेला मजकूर असा होता:

"विषय: दि. ४ ऑगस्ट ते २९ ऑगस्ट २०२५ या काळात मंजूर झालेली असाधारण रजा अन्य रजेत परिवर्तित करणेबाबत.

महोदय, वरील २६ दिवसांची असाधारण रजा मला आदेश क्र. … दि. … अन्वये मंजूर झाली आहे. या काळात मी कावीळीने आजारी होते व दि. ६ ते ११ ऑगस्ट इस्पितळात दाखल होते. रजेच्या वेळी वैद्यकीय प्रमाणपत्र उपलब्ध नसल्याने मी असाधारण रजेसाठी अर्ज केला होता. मी दि. १ सप्टेंबर २०२५ रोजी रुजू झाले असून रजा नियम १० अन्वये मुदतीत विनंती करते की सदर रजा पुढीलप्रमाणे परिवर्तित करावी: दि. ४ व ५ ऑगस्ट, २ दिवस अर्जित रजा, दि. ६ ते २१ ऑगस्ट, १६ दिवस कम्युटेड रजा, वैद्यकीय प्रमाणपत्रावर, दि. २२ ते २९ ऑगस्ट, ८ दिवस अर्धपगारी रजा, वैद्यकीय प्रमाणपत्रावर. दि. ३० व ३१ ऑगस्टच्या सुट्ट्या रजेस जोडून मिळाव्यात. ओपीडी पेपर, तपासणी अहवाल व डिस्चार्ज कार्डाच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. वैद्यकीय व फिटनेस प्रमाणपत्रासाठी दि. … रोजी इस्पितळाकडे केलेल्या अर्जाची प्रतही जोडली असून प्रमाणपत्रे मिळताच सादर करेन. रजा वेतनातील फरक अदा करावा."

उशिराचे कारण एका वाक्यात आहे, आणि तेवढेच पुरते. आजाराची कहाणी, घरच्या अडचणी, कापल्या गेलेल्या हप्त्यांचे दुःख अर्जात घालू नये. ते खरे असते, पण त्याने अधिकाऱ्याला निर्णयासाठी लागणारा एकही मुद्दा मिळत नाही. मूळ कागद स्वतःजवळ ठेवावेत, तपासायला मागितले तर दाखवावेत.

अर्ज दिल्यानंतर

सर्टिफिकेट आले की ते अर्जाच्या इनवर्ड क्रमांकाचा संदर्भ देऊन पुन्हा इनवर्डलाच द्यावे. तिचे ६ ऑक्टोबरला आले. मागणी २४ सप्टेंबरची होती, त्यामुळे मुदतीचा प्रश्न कुणी काढला नाही.

मग टेबलावरचा कारकून रजा खाते तपासतो, टिपणी लिहितो आणि फाइल रजा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाते. एक लक्षात ठेवावे, रजेतला हा बदल हक्क म्हणून मागता येत नाही. नियमातच तसे लिहिले आहे. कम्युटेड देताना माणूस कामावर परतेल याची अधिकाऱ्याला खात्री वाटावी अशी अट आहे, पण तुम्ही रुजू होऊन बसला आहात, तेव्हा ती अट आपोआप भागते. खरा प्रश्न आजार खरा होता का, एवढाच उरतो, आणि त्यासाठीच ते कागद. नाकारले तर कारण लेखी मागावे. "कागद अपुरे" असे कारण असेल तर ते पुरवता येतात. शंका असेल तर इस्पितळाकडून पडताळणी करून घ्यावी अशी विनंती करून वरिष्ठ अधिकाऱ्याकडे निवेदन द्यावे.

मुदत टळलीच असेल तर कार्यालयप्रमुखाकडे रदबदली करून उपयोग नाही, कारण ३० दिवसांची अट त्याला ओलांडता येत नाही. नियम शिथिल करण्याचा अधिकार शासनाचा आहे, तोही विशेष अडचणीच्या प्रकरणात आणि कारणे नोंदवून. तुम्ही त्या तीस दिवसांत पुन्हा दाखल होता, हिंडण्याच्या स्थितीत नव्हता, असे काही कागदावर दाखवता येत असेल तर खात्यामार्फत तसा प्रस्ताव पाठवायला सांगावे. त्याला महिने लागतात.

मंजुरीचा आदेश हाती आला की काम संपले असे वाटते, आणि लोक इथेच सोडून देतात. आदेशात जुन्या ईओएलच्या आदेशात बदल केल्याचे स्पष्ट लिहिलेले हवे, नाहीतर सेवापुस्तकात एकाच काळाच्या दोन नोंदी राहतात. मग सेवापुस्तक उघडून जुन्या नोंदीसमोर नवी नोंद आणि अधिकाऱ्याची सही पाहावी. रजा खात्यात एचपीएलमधून ४० आणि ईएलमधून २ वजा झाले का ते बघावे. थकबाकीचे बिल डीडीओकडून, म्हणजे पगाराची बिले काढणाऱ्या अधिकाऱ्याकडून, लेखा संचालनालयात जाते. आदेशाची प्रत बिलाला लावली आहे ना, एवढे बिल विभागात विचारून घ्यावे. दोन पगार झाले तरी रक्कम आली नाही तर बिल क्रमांक विचारावा, कारण क्रमांकच नसेल तर बिल केलेलेच नसते.

शेवटचा कागद जानेवारीत बघायचा. ईएलची सहामाही जमा बहुधा जुन्या नोंदीवरून केली जाते. या मुलीच्या खात्यावर, आदेश नोव्हेंबरात निघूनही, १ जानेवारीला १२च दिवस जमा झाले होते. ती स्वतः रजा खाते बघायला आली म्हणून ते सापडले, आणि त्याच दुपारी आदेशाची प्रत दाखवून १२चे १५ करून घेतले.